खरखरीत फरशी निसरडी का होते, आणि ती कशी धुवावी

काशीमीऱ्यात चाळीतली खोली असो की बीएसयूपीच्या इमारतीतले घर, न्हाणीघर नव्याने करायचे ठरले की दुकानदार आता खरखरीत फरशी दाखवतो. अँटी-स्किड म्हणून ती चार पैसे जास्त देऊन घेतली जाते, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर घ्यावीच. पण सहा महिन्यांत तीच फरशी साध्या फरशीपेक्षा जास्त निसरडी झाल्याची तक्रार मी घरोघरी ऐकते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, भिंतीही ओल्या असतात तेव्हा, ती जास्तच ऐकू येते. फरशी खोटी निघाली असे लोकांना वाटते. बहुतेक वेळा फरशी चांगली असते, तिचे खड्डे बुजलेले असतात.

या फरशीवर हात फिरवला तर बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये बारीक खळगे लागतात. ओल्या फरशीवर पाय ठेवला की पाणी खळग्यांत जाते आणि तळवा उंचवट्यावर टेकतो, म्हणून पाय धरतो. खळगे भरले की पाण्याला जायला जागा उरत नाही. तळवा आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा राहतो आणि पाय सटकतो. म्हणजे साफसफाईचे काम एकच आहे: खळगे रिकामे करायचे, आणि ते करताना उंचवटे झिजवायचे नाहीत.

खळग्यात काय भरते? आधी साबण. मीरा-भाईंदरला नळाचे पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येते, ते नदी-धरणाचे, त्यामानाने मऊ. पण ते पुरत नाही म्हणून अंघोळीला आणि कपड्यांना बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. क्षार आणि साबण एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा मेणासारखा चिकट पदार्थ होतो. बादलीच्या कडेला पांढुरके कडे येते ते हेच. त्यात अंगाचा मळ आणि डोक्याचे तेल मिसळते. हा थर कायम ओला आणि थोडा खाऊ असलेला, त्यामुळे त्याच्यावर जंतू आणि शेवाळ वस्ती करतात आणि बुळबुळीत हिरवे पांघरूण तयार होते. म्हणजे हिरवे वर असते आणि साबण खाली. आपण हिरवे दिसते म्हणून तेवढेच मारतो, आणि पंधरा दिवसांत ते परत येते.

कोणता थर आहे हे ओळखायला फरशी पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर पांढुरकी धूसर झाक दिसली आणि नखाने खरवडल्यावर मेणासारखा मऊ मळ नखात आला, तर तो साबण. नखाने न निघणारा कडक पांढरा थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा. ओले झाल्यावर हिरवे किंवा काळपट आणि बुळबुळीत लागते ते शेवाळ.

एका घरातले उदाहरण सांगते. चार फूट बाय चार फूट न्हाणी, त्यातच संडासचे भांडे. घरात गुडघेदुखीच्या सासूबाई. सून दर रविवारी फिनेल टाकून खराट्याने घासायची, तरी सासूबाई भिंत धरून चालायच्या. फिनेलचा वास स्वच्छतेचा वाटतो, पण ते पाण्यात टाकल्यावर दुधासारखे होते, कारण त्यात तेलकट अंश असतो. तो खळग्यात राहतो. या फरशीवर फिनेल नको, आणि चकाकी आणणारे कोणतेही पॉलिश तर मुळीच नको.

त्या घरात आम्ही पहिल्या दिवशी फक्त साबणाच्या थराकडे लक्ष दिले. दोन लिटर चांगले गरम पाणी, त्यात धुण्याच्या सोड्याचे तीन मोठे चमचे सपाट भरून आणि कपडे धुण्याच्या पावडरचा एक चमचा. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. किराणा दुकानात सुटा मिळतो. हातात रबरी मोजे, कारण सोड्याने कातडी सोलते. पाणी फरशीवर ओतून पंधरा मिनिटे तसेच राहू दिले, मधे वाळू लागले तिथे पुन्हा शिंपडले. हे थांबणे हेच खरे काम आहे. थर मऊ झाला की घासायला जोर लागत नाही. मग कडक नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासले, कारण एकाच दिशेने घासले तर खळग्याची एक बाजू तशीच राहते. फरशांच्या सांध्यांसाठी जुना दात घासायचा ब्रश घेतला. निघालेले पाणी राखाडी आणि दाट होते, आणि ते वायपरने लगेच जाळीकडे ढकलले. तिथेच वाळू दिले असते तर पुन्हा खळग्यात बसले असते. नंतर तीन बादल्या साधे पाणी.

धुणे पुरे झाले का, हे तळहाताने कळते. ओल्या फरशीवर हात दाबून ओढा. हात गुळगुळीत सरकला तर सोडा किंवा साबण अजून आहे, आणखी पाणी टाका. हात अडकत, कुरकुरत सरकला तर फरशी उघडी झाली. घासून झाल्यावर फरशी निसरडी वाटते तेव्हा बहुतेक वेळा कारण न निघालेला साबणच असतो. पाणी टंचाईच्या दिवसांत एका बादलीत भागवावेसे वाटते, म्हणून हे काम पाणी येण्याच्या दिवशीच काढा.

दुसऱ्या दिवशी शेवाळ. एक लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडर एक मोठा चमचा सपाट भरून प्लास्टिकच्या भांड्यात कालवली आणि अर्धा तास झाकून ठेवली. तळाशी पांढरा चुना बसतो. वरचे निवळ पाणी तेवढे अलगद काढून घ्यायचे, कारण तो चुना खळग्यात जाऊन बसला तर आपणच नवा थर घातल्यासारखे होते. बरीच माणसे पावडर थेट फरशीवर भुरभुरवतात, आणि नंतरची पांढरी झाक त्याचीच असते. निवळ पाणी हिरव्या जागेवर आणि सांध्यांत टाकून दहा मिनिटे ठेवले, ब्रश फिरवला, भरपूर पाण्याने धुतले. त्या वेळी दार आणि खिडकी उघडी होती, घरातली मुले बाहेर, आणि आत कोणी बसले नव्हते. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. आधी सोड्याने थर काढला नसता तर ब्लीचिंगचा जोर साबणावर आणि मळावरच खर्च झाला असता, शेवाळ जिवंत राहिले असते.

सोडा आणि ब्लीचिंग यांचे भांडण नाही. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड यांचे मात्र जीवघेणे भांडण आहे, आणि आपल्या घरांत ते सहज घडते, कारण न्हाणी आणि संडास एकच. भांड्यात संडास साफ करायचे अ‍ॅसिड ओतलेले, ते मुरेपर्यंत बाई फरशीवर ब्लीचिंग टाकते, आणि दोन्हींचे पाणी जाळीपाशी भेटते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. खिडकी नसलेल्या चार फुटांच्या खोलीत तो लगेच डोळे आणि घशाला झोंबतो, खोकला थांबत नाही. असे झाले तर पाणी ओतून धुवत बसू नका. दार उघडे टाकून बाहेर मोकळ्या हवेत जा, डोळे पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. श्वास लागत असेल, छाती आवळत असेल तर तडक दवाखाना. खोकला थांबला तरी दम काही तासांनी वाढू शकतो, म्हणून त्या रात्री माणसाला एकटे झोपवू नका. घरात दोन्ही वापरत असाल तर संडासाचा दिवस वेगळा ठेवा.

कडक पांढरा थर राहिलाच तर त्याला सौम्य अ‍ॅसिड लागते. त्यासाठी लिंबूसत्त्व पुरे, एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे. दहा मिनिटे ठेवून घासा आणि धुवा. हे ब्लीचिंगच्या दिवशी करू नका. लिंबूसत्त्वही अ‍ॅसिडच आहे. फरशी भाजलेल्या मातीची, म्हणजे दुकानातली टाइल असेल तरच हे करा. कडप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर अ‍ॅसिड दगडच खाते. टाइलवरही बाजारातले तेजाब ओतू नका. टाइल टिकते, पण मधला सिमेंटचा सांधा पोकळ होतो आणि शेवाळाला घर मिळते. तारेचा घासणा, वज्री, विटेचा तुकडा यांनी उंचवटेच झिजतात. ती झीज भरून येत नाही.

त्या घरात दोन दिवसांनी हात कुरकुरला, पण जाळीजवळच्या एका कोपऱ्यात हिरवे पुन्हा धरू लागले. तांब्याभर पाणी ओतून पाहिले तर दहा मिनिटांनीही तिथे थेंबांचे डबके उभे होते. उतार चुकला होता. तिथे औषध चालत नाही, गवंडीच लागतो. गवंडी येईपर्यंत रोज शेवटच्या अंघोळीनंतर तेवढा कोपरा वायपरने ओढायचा, असे ठरले.

रोजचे म्हणाल तर अंघोळ झाली की दोन तांबे बिनसाबणाचे पाणी फरशीवर टाकून वायपर फिरवा, दार उघडे ठेवा. आठवड्यातून एकदा सोडा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ब्लीचिंग, एरवी हिरवे दिसले तरच.

फरशी वाळल्यावर स्वच्छ दिसते, नखात काही येत नाही, हातही कुरकुरतो, आणि तरी ओली असताना पाय सटकतो, तर उंचवटे झिजले आहेत असे समजा. मग घासणे बंद करा. अशा वेळी लोक चोषक लावलेली रबरी चटई आणतात, पण ते चोषक गुळगुळीत फरशीवर धरतात, खरखरीत फरशीवर धरत नाहीत आणि चटईच सरकते. म्हातारे माणूस असेल तर भिंतीला पक्का दांडा बसवणे आणि अंघोळीला पाठीचे प्लास्टिकचे स्टूल ठेवणे त्यापेक्षा बरे.

ब्लीचिंग पावडर पुडीत उघडी ठेवली की तिचा जोर जातो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, ओलीपासून आणि अ‍ॅसिडच्या बाटलीपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. डबा उघडल्यावर तो ओळखीचा उग्र वास आला नाही, तर ती पावडर आता नुसता चुना आहे, टाकून द्या.