दैव किती, प्रयत्न किती? चरकसंहितेतला कर्मविचार

घरात कुणाला दुर्धर आजार झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “मागच्या जन्मीचं भोगतोय बिचारा.” म्हणणाऱ्याला वाटतं, आपण परंपरेचंच बोलतोय. पण परंपरेत हा प्रश्न वैद्यांनी फार काळजीपूर्वक हाताळलेला आहे, आणि त्यांचं उत्तर इतकं सोपं नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानाचा तिसरा अध्याय बघू. पांचाल देशातल्या कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठच्या वनात पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर फिरत आहेत. दिवस उन्हाळा संपत आल्याचे. आकाश आणि ऋतू यांची लक्षणं बिघडलेली पाहून ते अग्निवेशाला सांगतात की, जमिनीचा कस जाण्याआधी औषधी वनस्पती गोळा करून ठेवा, साथ येणार आहे. अग्निवेश विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगाने गावंच्या गावं कशी मरतात? आत्रेय म्हणतात, चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात: हवा, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात.

आणि त्या बिघडतात कशामुळे? मुळाशी अधर्म असतो, असं ते सांगतात. पूर्वकर्माचा उल्लेख तिथे आहे, पण लगेच पुढे येतात ते देशाचे आणि नगरांचे प्रमुख. ते धर्म सोडून वागू लागले की अधर्म वाढतो, ऋतू बिघडतात, आणि त्याचे परिणाम साऱ्या प्रजेला भोगावे लागतात. म्हणजे चूक एकाची आणि दुखणं दुसऱ्याचं, हे चरकाला पूर्ण मान्य आहे.

मग अग्निवेश थेट विचारतो: आयुष्याची लांबी ठरलेलीच असते का? आत्रेयांच्या उत्तरात दोन शब्द येतात. मागच्या देहात केलेलं कर्म ते दैव. या देहात करतो ते कर्म म्हणजे पुरुषकार. दोन्ही कर्मच. दोन्ही बलवान, मध्यम किंवा दुबळी असू शकतात. बलवान प्रयत्न दुबळ्या दैवाला हरवतो, बलवान दैव प्रयत्नाला अडवतं. काही कर्माच्या फळाची वेळ ठरलेली असते, काहीची नसते; ते योग्य निमित्त मिळालं तरच जागं होतं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधं कशाला, आणि पिसाळलेल्या हत्तीला किंवा सापाला भ्यायचं तरी कशाला, असा त्यांचा सवाल आहे. अकाली मृत्यू समजावताना ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस झिजून झिजून आपल्या वेळी मोडतो, पण फार ओझं लादलं, रस्ता खराब असला किंवा वंगण घातलं नाही, तर तो अर्ध्या वाटेतच मोडतो.

हे आजच्या गावाला लावून पाहू. समजा, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी गटाराजवळून गेली आहे, ती गळते, आणि पावसाळ्यात कावीळ पसरते. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. अशी एक बाई दगावली, तर ‘तिचं प्रारब्ध’ म्हणून मोकळं होता येत नाही. चरकाच्या रीतीने आधी पाणी पाहायचं, मग ते राखणं ज्यांचं काम होतं त्यांचं कर्म पाहायचं. ती वाहिनी दुरुस्त न करणं हेही कर्मच आहे, आणि त्याचं फळ ते न करणाऱ्याच्या घरी आलेलं नाही.

परंपरेचा दुसरा सूरही लपवू नये. छांदोग्य उपनिषदात वाईट आचरणाचं फळ म्हणून चांडाळ योनी सांगितली आहे. कोणत्या पापाने कोणता रोग होतो याच्या याद्या देणारे कर्मविपाकाचे ग्रंथही आहेत. जातीची उतरंड टिकवायला आणि महारोग्यांना गावाबाहेर ठेवायला असा विचार वापरला गेला. तो मला चुकीचा वाटतो, आणि माझ्या या मताला परंपरेतूनच आधार मिळतो. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य म्हणतं की कर्माची गती विचित्र आणि कळायला कठीण आहे. मग समोरच्या माणसाच्या दुखण्यावरून त्याचं पाप वाचायचा अधिकार कुणाला? पाली संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, सगळी सुखदुःखं पूर्वकर्मानेच होतात असं काहीजण म्हणतात, ते खरं का? बुद्ध ते नाकारतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, हयगय, बाहेरून झालेला आघात अशी सात कारणं ते मोजतात. कर्मविपाक आठवा.

चरकाच्या त्याच अध्यायात, आयुष्याची ही चर्चा संपल्यावर, अग्निवेशाचा पुढचा प्रश्न असा: ताप आलेल्याला वैद्य गरमच पाणी का देतात?