सत्त्याण्णव फुटक्या कपांचे पत्र

बी.कॉम.च्या वर्गात व्यावसायिक पत्रलेखनाचा तास असला की एक प्रश्न हमखास येतो: ‘माल उशिरा आणि खराब अवस्थेत मिळाला आहे, पुरवठादाराला तक्रारीचे पत्र लिहा.’ बहुतेक उत्तरांची सुरुवात ठरलेली असते. ‘आपल्या नामांकित संस्थेकडून अशी अपेक्षा नव्हती. आमचे फार मोठे नुकसान झाले. कृपया त्वरित योग्य ती कारवाई करावी.’ भाषा शुद्ध असते, मायना बरोबर असतो. पण पत्र वाचणाऱ्याला माल नेमका किती फुटला, कधी पोहोचला आणि दुकानदाराला काय हवे आहे, यातले काहीच कळत नाही.

हाच प्रश्न एका कल्पित उदाहरणावर सोडवून पाहू. सांगलीतल्या एका क्रॉकरीच्या दुकानाने दिवाळीच्या विक्रीसाठी उत्तर प्रदेशातल्या खुर्जा या गावाहून चिनी मातीचे कप मागवले. खुर्जा या भांड्यांसाठीच ओळखले जाते. ऑर्डर 8 सप्टेंबरची. 40 खोकी, प्रत्येकात 24 कप, म्हणजे 960 नग. दर नगाला 60 रुपये, एकूण 57,600 रुपये आणि कर वेगळा. माल 1 ऑक्टोबरपर्यंत सांगलीत पोहोचवायचा, असे ऑर्डरमध्ये लिहिलेले. ट्रक दारात आला तो 13 ऑक्टोबरला, बारा दिवस उशिरा. चार खोकी दबलेली आणि ओली होती.

पत्राची खरी तयारी इथेच, ट्रक उभा असताना सुरू होते. ड्रायव्हर घाईत असतो, पुढच्या गावी माल उतरवायचा असतो आणि तो चलनावर सही मागतो. कोरी सही म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची कबुलीच, असे पुढे समोरचा म्हणू शकतो. म्हणून सहीच्या वर शेरा लिहायचा: ‘40 पैकी 4 खोकी दबलेली व ओली, आतील माल तपासणे बाकी.’ तोच शेरा ट्रान्सपोर्टच्या प्रतीवरही हवा. खोकी उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर फोटो आणि मग नगांची मोजणी.

मोजणीत एक वेगळीच गोष्ट समोर आली. चार ओल्या खोक्यांत 71 कप फुटलेले निघाले, ते अपेक्षितच होते. पण बाहेरून कोरड्या आणि धडधाकट दिसणाऱ्या दोन खोक्यांतही 26 कप फुटले होते, कारण कपांच्या मध्ये पुठ्ठ्याचे कप्पेच घातलेले नव्हते. एकूण 97 कप, किंमत 5,820 रुपये.

हा फरक पत्रात आला नाही तर पत्र लंगडे पडते. खोके बाहेरून शाबूत आणि आतला माल फुटलेला, तर बोट पॅकिंगकडे जाते, म्हणजे पुरवठादाराकडे. खोकेच दबलेले किंवा भिजलेले असेल तर प्रश्न वाहतुकीचा होतो. मालविक्री कायदा, 1930 याच्या 39व्या कलमानुसार, माल खरेदीदाराकडे पाठवायचा असेल, तर तो वाहतूकदाराच्या हवाली करणे ही सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिलेली डिलिव्हरीच मानली जाते. म्हणून वाटेतल्या नुकसानीबद्दल ‘आम्ही तर माल चांगला चढवला होता’ हे उत्तर पुरवठादाराकडे तयार असू शकते. ऑर्डरमध्ये ‘सांगलीत पोच’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर दुकानदाराची बाजू बळकट होते. त्यामुळे ऑर्डरमधली ती ओळ पत्रात यायलाच हवी.

मग पत्र असे होते:

*विषय: ऑर्डर दि. 8 सप्टेंबर – माल 12 दिवस उशिरा पोहोचणे व 97 कप फुटलेले मिळणे*

*महोदय,*

*वरील ऑर्डरप्रमाणे 960 कप 1 ऑक्टोबरपर्यंत सांगलीत पोच द्यायचे ठरले होते. माल आज, 13 ऑक्टोबर रोजी मिळाला. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून आम्ही चांगला माल स्वीकारत आहोत.*

*चार खोकी दबलेली व ओली होती. त्यांत 71 कप फुटलेले आहेत. आणखी दोन खोकी बाहेरून चांगली होती, पण आत कप्पे नसल्याने 26 कप फुटले आहेत. हे 97 कप आम्ही नाकारत आहोत. ते दुकानात वेगळे ठेवले असून आपण माणूस पाठवून पाहू शकता. चलनाची शेरा असलेली प्रत, बिल्टी आणि फोटो सोबत जोडले आहेत.*

*20 ऑक्टोबरपर्यंत 97 कप बदलून द्यावेत. ते शक्य नसल्यास 5,820 रुपये व त्यावरील कराची क्रेडिट नोट पाठवावी. उरलेल्या मालाचे बिल आम्ही ठरलेल्या मुदतीत चुकते करू.*

*आपला विश्वासू*

पत्रात ‘फसवणूक’ नाही, ‘बेजबाबदारपणा’ही नाही. पुरवठादाराचा हेतू काय होता हे दुकानदाराला माहीत नसते, आणि असा आरोप केला की उत्तर कपांबद्दल न येता आरोपाबद्दल येते.

‘हक्क राखून’ हे दोन शब्द शोभेचे नाहीत. भारतीय करार कायदा, 1872 याचे 55वे कलम असे सांगते की, वेळ हा कराराचा गाभा असताना उशिरा आलेले काम कोणी स्वीकारले आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. म्हणून पत्राची तारीख 13 ऑक्टोबरच आहे आणि ते त्याच संध्याकाळी ई-मेलने गेले पाहिजे. आठवड्याने लिहिलेल्या पत्रात हेच वाक्य असले, तरी त्याचे वजन उरत नाही.

फुटक्या मालाला एवढी घाई नसते, पण मुदत असतेच. माल तपासायला वाजवी संधी मिळण्याचा खरेदीदाराला हक्क आहे. मात्र नाकारल्याचे न कळवता माल वाजवी काळापलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. नाकारलेला माल स्वखर्चाने खुर्ज्याला परत पाठवण्याची सक्ती सहसा नसते, नाकारल्याचे कळवणे पुरते. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर आणखी एक आकडा लक्षात ठेवावा लागतो. 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला गेल्याचे मानून पैसे देण्याची मुदत सुरू होते. ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्यानंतर चक्रवाढ व्याज लागते. या उदाहरणात हरकतीचा शेवटचा दिवस 28 ऑक्टोबर.

चार ओल्या खोक्यांसाठी ट्रान्सपोर्टवाल्याला वेगळे पत्र लागते. रस्ते वाहतुकीच्या 2007च्या कायद्याप्रमाणे माल बुक झाल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिलेली नसेल, तर पुढे दावाच लावता येत नाही. बुकिंगची तारीख बिल्टीवर असते, म्हणून बिल्टी जपून ठेवायची.

विद्यार्थ्यांच्या उत्तरात आणखी एक चूक वारंवार दिसते. शेवटी ‘अन्यथा ग्राहक न्यायालयात जाऊ’ अशी धमकी असते. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. त्याला दिवाणी दाव्याचा मार्ग असतो, आणि 5,820 रुपयांसाठी तो कोणी सहसा धरत नाही. उशिरामुळे हुकलेल्या विक्रीचा नफा मागणे तर त्याहून कठीण, कारण माल दिवाळीसाठी हवा आहे हे पुरवठादाराला ऑर्डर देतानाच माहीत होते, हे दाखवावे लागते.

म्हणून हा सराव घेताना वर्गाचे दोन गट करता येतात. पहिल्या गटाने दुकानदाराचे पत्र लिहायचे आणि दुसऱ्याने खुर्ज्याहून उत्तर द्यायचे. त्या उत्तरात 26 कपांची क्रेडिट नोट मान्य होईल का, आणि 71 कपांबद्दल काय लिहिले जाईल, हे बहुतेक पहिल्या पत्रातल्या नोंदींवरच ठरते.