10YR 3/2 म्हणजे कोणता रंग?

नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. तिथल्या माणसांनी एखाद्या शेतातल्या खड्ड्याचं वर्णन लिहिलं, की प्रत्येक थराची खोली आणि पोत यांच्या जोडीला एक छोटी नोंद येते: 10YR 3/2. ही त्या थराच्या रंगाची नोंद. ती वाचून दुसऱ्या देशातला मृदाशास्त्रज्ञही आपल्याजवळचं पुस्तक उघडून तोच रंग डोळ्यांपुढे आणू शकतो. नुसतं ‘काळपट तपकिरी’ लिहिलं असतं तर त्याने कोणता काळपट आणि किती तपकिरी धरायचा, हे त्याच्या मर्जीवर राहिलं असतं.

ही पद्धत मात्र मातीसाठी जन्मली नाही. बोस्टनमधले चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांना विद्यार्थ्यांना रंग शिकवण्यासाठी काही नेमकी भाषा हवी होती. १९०५ साली त्यांनी त्यावर एक पुस्तक लिहिलं आणि १९१५ मध्ये रंगांच्या तुकड्यांचा अॅटलास काढला. त्यांचं म्हणणं असं, की कोणत्याही पृष्ठभागाच्या रंगाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारावेत आणि एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर मिसळू देऊ नये.

पहिला प्रश्न ह्यूचा: रंग कोणत्या घराण्यातला? लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा ही पाच मुख्य घराणी, आणि शेजारच्या दोघांमधली आणखी पाच. लालासाठी R, पिवळ्यासाठी Y, म्हणून दोघांच्या मधलं घराणं YR. प्रत्येक घराण्याचे दहा भाग. YR मध्ये आकडा लहान असेल तर रंग लालाकडे झुकलेला, मोठा असेल तर पिवळ्याकडे. म्हणजे 2.5YR ही लालसर माती आणि 10YR ही पिवळसर तपकिरी. नवशिके इथे हमखास चुकतात, कारण मोठा आकडा म्हणजे जास्त लाल असं त्यांना वाटतं.

दुसरा प्रश्न व्हॅल्यूचा: रंग किती उजळ? शून्य म्हणजे पूर्ण काळा, दहा म्हणजे पूर्ण पांढरा. मधल्या पायऱ्या डोळ्याला सारख्या अंतराच्या वाटाव्यात अशा बेतल्या आहेत. प्रकाश मोजला तर त्या सारख्या निघत नाहीत. ५ व्हॅल्यूचा करडा रंग आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटतो, पण तो अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण पाचवा हिस्साच परत पाठवतो.

तिसरा प्रश्न क्रोमाचा: रंग करड्यापासून किती दूर गेला? शून्य क्रोमा म्हणजे निव्वळ करडा. आकडा वाढत जाईल तसा रंग भडक होतो. याला वरची ठरलेली मर्यादा नाही. मन्सेल यांना आधी सगळे रंग एका सुबक गोलात बसवायचे होते, पण ते बसेनात. पिवळा रंग उजळ असतानाच सर्वांत भडक होतो, निळा-जांभळा मात्र बराच काळपट असताना. भडक लाल तर गोलाच्या बाहेर निघून जातो. शेवटी गोलाऐवजी कमीजास्त लांबीच्या फांद्यांचं एक वेडंवाकडं झाड तयार झालं. मला ही गोष्ट फार आवडते: माणसाने आकृतीचा हट्ट सोडला आणि डोळ्याचं ऐकलं.

मातीला एवढं सगळं झाड लागत नाही. मातीत गर्द निळा किंवा पोपटी सापडण्याची शक्यता जवळपास नाही, त्यामुळे मृदाशास्त्रज्ञांच्या पुस्तकात मुख्यतः लाल ते पिवळ्या दरम्यानची पानं आणि पाणथळ मातीसाठी करड्या-हिरवट रंगांची एक-दोन पानं असतात. एका पानावर एकच ह्यू. खालून वर जाताना व्हॅल्यू वाढते, डावीकडून उजवीकडे क्रोमा, आणि तो सहसा ८ पर्यंतच जातो. प्रत्येक तुकड्याजवळ पानाला भोक असतं. मातीचं ढेकूळ पानामागे धरायचं आणि भोकातून दिसणारी माती शेजारच्या तुकड्याशी ताडून पाहायची.

आता कोकणातल्या एका डोंगरउताराचं उदाहरण घेऊ. वर नाचणी-वरीची वरकस जमीन, खाली भाताचं खाचर. दोन्हीकडची माती मुळात त्याच जांभ्याच्या डोंगरातली. भात कापून झाल्यावर, डिसेंबरात, दोन्ही ठिकाणी गुडघाभर खड्डा खणला आहे.

वरकस जमिनीतून ढेकूळ काढून ते हाताने मोडायचं, कारण रंग आतल्या ताज्या भागाचा हवा; कुदळीने घासलेल्या बाजूचा नको. मग पिचकारीने थोडं थोडं पाणी मारायचं. रंग आणखी काळवंडायचा थांबला की माती ओलसर झाली असं धरायचं. त्यानंतर पाण्याची चकाकी जाईपर्यंत क्षणभर थांबायचं, कारण चकाकी रंगात भर घालते. सूर्य पाठीशी ठेवून, ऊन पानावर सरळ पडेल असं उभं राहायचं. गॉगल असेल तर काढायचा. 5YR चं पान लावलं, तर माती त्यातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा लाल दिसते. एक पान मागे जाऊन 2.5YR लावलं की घराणं जुळतं. मग उजळपणा, मग भडकपणा. उत्तर येतं 2.5YR 3/6, ओलसर.

‘ओलसर’ हा शब्द नोंदीत लिहावाच लागतो. हीच माती वाळली की साधारण एक-दोन घरं उजळ होते, आणि ते न लिहिणाऱ्याचा आकडा पुढे कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

या लालीचं कारण हेमॅटाइट नावाचं लोहखनिज. उष्ण हवा, पाण्याचा चांगला निचरा आणि पावसाळ्यानंतरचा लांब कोरडा काळ यांत ते तयार होतं. त्याची रंगवण्याची ताकद एवढी, की थोडंसं असलं तरी ते सगळी माती लाल करून टाकतं. त्याचाच भाऊबंद गोएथाइट जास्त असेल तर माती पिवळसर तपकिरी, म्हणजे 10YR च्या पानावर जाते. मातीत कोणतं लोह आहे याचा पहिला अंदाज ह्यूवरून येतो तो असा.

आता खाली खाचरात. इथल्या ढेकळात एकच रंग नाही: बहुतेक भाग राखाडी, आणि त्यात बारीक नारिंगी रेघा आणि डाग. इथे ढेकूळ चुरडून एकजीव केलं, तर कुठेच नसलेला एक तिसरा रंग हाती येईल. म्हणून दोन वेगळ्या नोंदी करायच्या: मुख्य रंग 10YR 5/2, डाग 7.5YR 5/8. डाग किती जागा व्यापतात आणि केवढे आहेत, तेही सोबत लिहायचं.

यातला २ आणि ८ हा फरक पावसाळ्याने केला. जूनपासून चार महिने खाचरात पाणी तुंबलेलं असतं. मातीतला ऑक्सिजन काही दिवसांत संपतो आणि मग तिथले जीवाणू श्वसनासाठी लोहखनिजांचा वापर करतात. त्यामुळे लोह विरघळण्याजोगं होतं आणि मातीच्या कणांवरचा त्याचा थर सुटून जातो. मागे उरतो कणांचा मूळ करडा रंग, म्हणजेच कमी क्रोमा. भाताच्या मुळांना मात्र पोकळ नळ्यांतून वरची हवा मिळत असते. ती मुळाभोवती झिरपते, तिथे विरघळलेलं लोह पुन्हा गंजतं आणि मुळाच्या वाटेवर नारिंगी वेष्टण तयार होतं. म्हणून खाचर कोरडं पडल्यावरही, पाणी जमिनीत कितपत वर चढून बराच काळ थांबलं होतं, ते खड्ड्याच्या भिंतीवरून कळतं. क्रोमा २ किंवा त्याहून कमी, आणि सोबत असे डाग, ही पाणथळपणाची जगभर वापरली जाणारी खूण आहे.

‘सोबत असे डाग’ हे सोडून चालत नाही. काही माती मूळ खडकच करडा असल्यामुळे करडी असते. तिथे पाण्याचा काही संबंध नाही. उलट, खड्डा पाणी असतानाच खणला तर हिरवट-निळसर करडी माती निघते आणि हवा लागताच काही मिनिटांत तपकिरी होऊ लागते. अशा वेळी आधी रंग लिहायचा, बाकीचं नंतर. रंग असा डोळ्यांदेखत बदलला, तर लोह अजून मातीतच आहे हे कळतं, आणि तीही एक नोंद होते.

व्हॅल्यूच्या बाबतीत विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती चांगला धडा देते. सहसा व्हॅल्यू कमी म्हणजे कुजलेलं सेंद्रिय द्रव्य जास्त, असा अंदाज असतो. पण 10YR 3/1 भरणाऱ्या आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अनेकदा एक टक्क्याच्याही खाली असतो. तिथे थोडंसंच सेंद्रिय द्रव्य फुगणाऱ्या चिकणमातीला घट्ट चिकटून तिला काळं करतं. रंग पाहून खताचा हिशेब करणाऱ्याने तिथे माती परीक्षणच करून घ्यावं.

दोन माणसांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर कुठे पाहायचं हेही ही तीन उत्तरं सांगतात. व्हॅल्यूत फरक आला की आधी ओलावा तपासायचा. ह्यूत आला तर उजेड: सकाळचं किंवा सांजेचं ऊन मातीला लाल करतं, झाडाची सावली हिरवट. उजेड ठीक असूनही एकाच माणसाचे लाल-हिरवे सतत चुकत असतील, तर त्याची रंगदृष्टी तपासावी. पुरुषांमध्ये हा दोष अगदी दुर्मीळ नाही. आणि दोघांचंही सगळंच बिनसत असेल तर पुस्तक पाहावं. मातीच्या बोटांनी मळलेले आणि उन्हात विटलेले तुकडे खोटं बोलतात. पुस्तक महाग असल्यामुळे त्याच्या छायाप्रती फिरतात आणि मोबाइलवर काढलेले फोटोही, पण छपाईत आणि कॅमेऱ्यात रंग सरकतो, त्यामुळे त्यांचा उपयोग पद्धत समजून घेण्यापुरताच.

चित्रकार हेच तीन प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारतो. समजा मातीचा भाजलेला घट रंगवायचा आहे. उजेडातली बाजू 2.5YR 5/6 भरली आणि सावलीतली 3/4. इथे आधी व्हॅल्यू पकडावी लागते, कारण ती चुकली तर घटाला गोलाई येत नाही. ह्यू थोडा सरकला तरी घट घटच राहतो. उजळ करायला पांढरा घातला की भडकपणा उतरतो आणि तांबडा रंग किंचित गुलाबी, थंड होतो. म्हणून थोडा पिवळा-नारिंगी घालून ह्यू जागेवर आणावा लागतो. भडकपणा कमी करायला बरेच जण काळा घालतात, पण त्याने व्हॅल्यूही खाली जाते आणि जमलेलं काम बिघडतं. त्याऐवजी पांढऱ्या-काळ्याचा, बरोबर ५ व्हॅल्यूचा करडा वेगळा करून ठेवायचा आणि तो मिसळायचा. मग क्रोमा आठवरून सहावर येतो आणि उजळपणा हलत नाही. खरोखर हलला नाही ना, हे पाहायला डोळे किलकिले करून मिश्रण त्या करड्याच्या शेजारी धरावं: दोघांमधली कड पुसट झाली की व्हॅल्यू जुळली.