हवेत भिंतीला चिकटणारा नायक

दोन मितींचा प्लॅटफॉर्म गेम पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. नायक धावतो, उडी मारतो, सगळं ठीक चाललेलं असतं. मग तो उडी मारून एखाद्या भिंतीवर आदळतो. खेळणाऱ्याने भिंतीच्या दिशेचा बाण दाबून धरलेला असेल, तर तो खाली पडतच नाही. पायाखाली काही नसताना भिंतीला चिकटून तसाच लटकत राहतो. बोट उचललं की लगेच धपकन खाली येतो.

असं का होतं ते कळायला एक पुस्तक घ्या आणि तळहाताने भिंतीवर दाबून धरा. पुस्तक पडत नाही, कारण तळहाताच्या दाबामुळे पुस्तक आणि भिंत यांच्यात घर्षण निर्माण होतं आणि ते पुस्तकाचं वजन पेलतं. दाब जितका जास्त, तितकं घर्षण जास्त वजन पेलू शकतं. या दोहोंचं प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे घर्षणांक. घर्षणांक ०.४ असेल, तर १० न्यूटन दाबामागे जास्तीत जास्त ४ न्यूटन घर्षण मिळतं.

युनिटी या गेम इंजिनात दोन मितींच्या खेळांचं भौतिकशास्त्र बॉक्सटूडी नावाची प्रणाली सांभाळते. नायकाभोवती एक अदृश्य चौकट असते, तिला कोलायडर म्हणतात. टक्कर आणि घर्षण यांचा सगळा हिशेब या चौकटीचा होतो, दिसणाऱ्या चित्राचा नाही. कोलायडरला आपण काही वेगळं सांगितलं नाही, तर त्याचा घर्षणांक ०.४ धरला जातो. भिंतीचाही तेवढाच. इथवर सगळं खऱ्या जगासारखंच आहे. गडबड होते ती नायकाला चालवणाऱ्या या ओळीने:

```csharp
rb.velocity = new Vector2(x * 5f, rb.velocity.y);
```

युनिटीच्या नव्या आवृत्त्यांत `velocity`ऐवजी `linearVelocity` लिहितात, पण अर्थ तोच: बाण दाबलेला असेल तर आडवा वेग सेकंदाला ५ मीटर करा, उभा वेग आहे तसा ठेवा. इंजिन हा हिशेब दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदातून ५० वेळा करतं. नायक भिंतीला टेकलेला असताना दर वेळी त्याला भिंतीच्या दिशेने ५ मीटरचा वेग मिळतो आणि दर वेळी भिंत तो शून्यावर आणते. नायकाचं वस्तुमान १ किलो धरलं, तर ०.०२ सेकंदात एवढा वेग मोडायला २५० न्यूटन बळ लागतं. भिंतीवरचा दाब तेवढाच. त्याच्या ०.४ पट म्हणजे १०० न्यूटन घर्षण उपलब्ध होतं, आणि नायकाचं वजन आहे जेमतेम १० न्यूटन. पेलायला हवं त्याच्या दहापट घर्षण असल्यावर तो पडणार कसा? वस्तुमान वाढवूनही फरक पडत नाही, कारण वजन आणि दाब दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात.

यातून दुसरी एक खोडही उलगडते. भिंतीला खेटून, बाण दाबून उडी मारली तर उडी खुंटते. तेच घर्षण वर जाणाऱ्या नायकालाही धरतं आणि दर हिशेबात त्याच्या उभ्या वेगातले सुमारे २ मीटर कापतं. सेकंदाला १० मीटर वेगाने घेतलेली उडी मोकळ्या हवेत पाच मीटर उंच जाते. भिंतीला घासत गेली, तर ढोबळ हिशेबाने अर्धा मीटरही वर जात नाही.

खऱ्या जगात माणूस असा लटकत नाही, कारण हवेत असताना भिंतीवर रेटा देत राहायला त्याला मागे आधार नसतो. पुस्तक दाबणाऱ्या हातामागे जमिनीवर रोवलेले पाय असतात. उडी मारलेल्या माणसाने भिंतीला ढकललं, तर तोच मागे फेकला जातो. खेळात मात्र आपली एक ओळ कुठल्याही आधाराशिवाय रेटा देत राहते. इंजिनाने घर्षणाचं गणित चोख केलेलं असतं. त्याला दिलेला रेटाच अशक्य असतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे घर्षणच काढून टाकणं. `Assets > Create > 2D` मध्ये जाऊन एक `Physics Material 2D` तयार करायचं, त्यातला `Friction` हा आकडा 0 करायचा आणि ते मटेरियल नायकाच्या कोलायडरवरच्या `Material` या रकान्यात ओढून टाकायचं. बॉक्सटूडीच्या मूळ नियमानुसार दोन पृष्ठभागांचे घर्षणांक गुणून त्याचं वर्गमूळ घेतात, त्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच येतं. मटेरियल रिजिडबॉडीवरही लावता येतं, पण कोलायडरवर आधीच दुसरं मटेरियल असेल तर इंजिन कोलायडरचंच मानतं. म्हणून सगळं करूनही नायक चिकटतच असेल, तर आधी तो रकाना पाहावा.

दुखणं हेच आहे का, हे बाण सोडून पाहिल्यावर कळतं. बोट उचलताच नायक पडला, तर घर्षणाचाच दोष. बोट उचलूनही तो अडकलेलाच राहिला, तर कारण वेगळं. बहुधा कोलायडरचा कोपरा फरशीच्या एखाद्या कडेवर टेकलेला असतो, आणि तिथे हे मटेरियल कामाला येत नाही.

उपायाला किंमतही आहे. शून्य घर्षण भिंतीपुरतं राहत नाही, पायांखालीही येतं. सपाट जमिनीवर ते जाणवत नाही, कारण बाण सोडला की वरची ओळच आडवा वेग शून्य करते. पण उतारावर उभा केलेला नायक हळूहळू खाली सरकू लागतो. यावर चांगला तोडगा म्हणजे दोन कोलायडर: अंगाला शून्य घर्षणाचा, आणि पायांशी नेहमीच्या घर्षणाचा छोटा कोलायडर. पायांचा कोलायडर अंगापेक्षा किंचित अरुंद हवा, नाहीतर तोच भिंतीला लागतो आणि नायक पुन्हा चिकटतो. आणि ०.४ घर्षणांक साधारण २२ अंशांपर्यंतचाच उतार धरतो. चढ त्याहून उभे असतील, तर पायांचं घर्षण वाढवावं लागतं.

तीन मितींच्या खेळात युनिटी फिजएक्स ही वेगळी प्रणाली वापरतं, आणि तिथे नुसतं शून्य पुरत नाही. तिथला नेहमीचा घर्षणांक ०.६ आणि दोन पृष्ठभागांची सरासरी घ्यायची पद्धत. नायकाचं ० आणि भिंतीचं ०.६ यांची सरासरी ०.३ येते, म्हणजे चिकटणं अर्ध्यावर येतं, जात नाही. तिथे मटेरियलमधलं `Friction Combine` हे `Minimum` करावं लागतं, म्हणजे दोहोंतला लहान आकडा घेतला जातो.

१९९३ च्या ‘मेगा मॅन एक्स’मध्ये नायक भिंतीवरून हळू घसरतो आणि तिथूनच पुन्हा उडी घेतो. आपल्या खेळात तसं हवं असेल, तरीही आधी घर्षण शून्यच करावं. मग भिंतीला टेकलेला असताना पडण्याचा वेग अमुक एका मर्यादेबाहेर जाऊ नये, असा नियम स्वतः लिहावा. घर्षणावर विसंबलं, तर धावण्याचा वेग किंवा गुरुत्वाकर्षण जरा बदलताच घसरण्याची चालही बदलते; स्वतः लिहिलेल्या नियमात ती आपण ठरवू तशीच राहते.