वाफसा, उगवण आणि नत्र : शेतकऱ्यांपुढील व्याख्यानाची भाषा

परभणी जिल्ह्यातील पालम हा काळ्या जमिनीचा, कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा तालुका आहे. खरिपाच्या तोंडावर अशा तालुक्यांच्या गावी पेरणीविषयी मार्गदर्शनपर व्याख्याने होतात. १९७२ साली परभणी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या भागात शास्त्रीय शेतीचे ज्ञान मराठीतून सांगितले जात आले आहे. परंतु जी मराठी परिभाषा ग्रंथांसाठी आणि अहवालांसाठी घडविली गेली, तीच जेव्हा जशीच्या तशी व्यासपीठावरून उच्चारली जाते, तेव्हा ज्याला उद्या पाभर हाती धरायची आहे त्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. पुढील उतारा उदाहरणासाठी रचला आहे. अशी भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो अनोळखी वाटणार नाही :

‘मृदेत इष्टतम आर्द्रता उपलब्ध झाल्याविना बीजारोपण करू नये. बीजाची अंकुरणक्षमता न्यूनतम ७० प्रतिशत असावी. तत्पूर्वी बीजसंस्करण अनिवार्य आहे. प्रति हेक्टर ३० किलो नत्र व ६० किलो स्फुरद मूलमात्रेच्या स्वरूपात द्यावे.’

हा उतारा सोपा करावयाचा म्हणजे प्रत्येक संस्कृत शब्दाच्या जागी एक गावठी शब्द ठेवावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे केल्यास अर्थ कधी नेमका होतो, कधी बिघडतो. म्हणून शब्दागणिक वेगळा विचार करावा लागतो.

पहिल्या वाक्याचे काम सोपे आहे, कारण ‘मृदेतील इष्टतम आर्द्रता’ या तीन शब्दांसाठी मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याजवळ एक शब्द आहे : वाफसा. येथे ‘ओल’ म्हणून चालणार नाही. पाऊस नुकताच थांबला असेल तर चिखलातही ओल भरपूर असते, परंतु तेथे वाफसा नसतो. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आहे, हवाही खेळते आहे आणि औजार चालविले तर माती चिकटत नाही, ही अवस्था. मूठभर माती घेऊन दाबावी. तिचा लाडूच वळला नाही तर जमीन कोरडी आहे. लाडू वळला आणि खाली टाकल्यावर फुटून विखुरला तर वाफसा आहे. तो तसाच चेपून राहिला तर जमीन अजून ओली आहे. ‘इष्टतम’ म्हटले की ‘म्हणजे किती?’ हा प्रश्न उरतो, तर ‘वाफसा’ या शब्दात त्याचे उत्तर आधीच आहे. मात्र पावसाचा आकडा सोडू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, ही शिफारस ‘चांगला पाऊस’ अशा शब्दांत विरघळून जाते, आणि दुबार पेरणीचे संकट पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

दुसऱ्या वाक्यातील ‘अंकुर’ या शब्दाचे घरगुती रूप म्हणून ‘मोड’ हा शब्द चटकन सुचतो. मटकीला मोड आलेले कोणी पाहिले नाहीत? पण येथेच अर्थ निसटतो. मोड म्हणजे दाण्यातून बाहेर आलेले पहिले टोक. बियाण्याच्या चाचणीत तेवढे पुरत नाही. ज्या दाण्याचे मूळ आणि कोंब दोन्ही धड वाढले आहेत, तोच मोजावयाचा असतो. मळणीत मार लागलेल्या सोयाबीनला मोड येतो, पण रोप वाकडे, तुटके निघते. यासाठी ‘उगवण’ हाच शब्द योग्य, आणि त्याबरोबर कृती सांगावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहांच्या ओळींत मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ती ओली राखावी आणि सुमारे सात दिवसांनी उलगडून धड रोपे मोजावी. ७० निघाली तर एकरी ३० किलो बियाणे पेरावे. ६० च निघाली तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे ३५ किलो लागेल. ‘प्रतिशत’ हा शब्द तर आपोआपच गळून पडतो, कारण समोर १०० दाणे मोजून ठेवलेले असतात.

‘बीजसंस्करण’ किंवा ‘बीजप्रक्रिया’ याला बोलीत ‘बियाण्याला औषध चोळणे’ म्हणतात. इतर काही बियाण्यांच्या बाबतीत हे चालून जाईल, परंतु सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि कोंब त्याच्या लगतच असतो. ऐकणारा खरोखरच चोळू लागला तर उगवण घटते. म्हणून क्रियापद बदलावे : ‘हलक्या हाताने औषध लावावे आणि बियाणे सावलीत सुकवावे’. रोजचा शब्द सोपा असतो खरा, पण तो आपल्याबरोबर एक हातवाराही घेऊन येतो, आणि तो हातवारा येथे नको असतो.

आता ‘नत्र’. हा शब्द काढून ‘युरिया’ घालण्याचा मोह मोठा असतो, कारण शेतकरी दुकानात युरियाच मागतो. हेक्टरी ३० किलो म्हणजे एकरी १२ किलो नत्र. वक्त्याने ‘एकरी १२ किलो युरिया’ म्हटले तर काय होईल? युरियात शंभरात ४६ भागच नत्र असते. तेव्हा १२ किलो युरियातून पिकाला जेमतेम साडेपाच किलो नत्र मिळेल, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बरोबर उत्तर सुमारे २६ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या गोणीतील अर्ध्याहून थोडा अधिक. तेही स्फुरद साध्या सुपर फॉस्फेटमधून दिले तरच. डीएपी वापरले तर त्यातही नत्र असते आणि युरियाचा आकडा पुष्कळ खाली येतो. गोणी बदलली की आकडा बदलतो, नत्र बदलत नाही. म्हणून हा शब्द ठेवावा, फळ्यावर लिहावा आणि एकदा समजावून सांगावा : ‘नत्र म्हणजे खतातला पीक हिरवे वाढविणारा भाग, तो गोणीवर ‘N’ अशा खुणेने छापलेला असतो’. हेक्टर मात्र खुशाल सोडून द्यावा.

ही निवड मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे की, सामान्य वाचकांना कळावे म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द आपण बाजूला ठेवले आणि सोपे शब्द घेतले. तरीही ख्रिस्ती श्रद्धेतील काही नेमक्या गोष्टींसाठी पोर्तुगीजमधून आलेले शब्द त्यांनी तसेच राहू दिले. त्या जागी जवळचा देशी शब्द घातला असता तर ऐकणाऱ्याच्या मनात दुसरीच गोष्ट उभी राहिली असती.

बदललेला उतारा असा होतो : ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरा. आधी गोणपाटावर १०० दाण्यांची उगवण पाहा, ७० धड रोपे निघाली पाहिजेत. बियाण्याला हलक्या हाताने औषध लावा, चोळू नका. पेरतानाच एकरी १२ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद द्या, त्यासाठी २६ किलो युरिया आणि सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन गोण्या लागतील.’

तो कळला की नाही हे ‘समजले का?’ असे विचारून कळत नाही. त्या प्रश्नाला सभेत ‘हो’ असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा एखाद्याच्या हाती माती द्यावी आणि वाफसा आहे का ते विचारावे, दुसऱ्याला विचारावे : ‘२६ किलो कशाचे आणि १२ किलो कशाचे?’ या दुसऱ्या प्रश्नाशी सभा अडखळली तर नत्र पुन्हा समजावून सांगावे लागेल. यात वेळ जातो हे खरे. नवा उतारा मूळ उताऱ्यापेक्षा लांब आहे आणि तो सांगताना हाताने दाखवावेही लागते. तासाभराच्या व्याख्यानात मग पेरणीच सांगून होईल. कीड आणि तणाचा विषय पुढच्या बैठकीसाठी ठेवावा.