पाव टक्का महागाई आणि दहा नारळ

गेल्या नोव्हेंबरात बातमी आली की ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. २०१२ पायावर्षाची मालिका सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत कमी आकडा. नवऱ्याने पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "अगं, पाव टक्का म्हणे! त्या शेठला सांग जरा." शेठ म्हणजे आमचा डोंबिवलीचा वाणी. त्याच्याकडून आदल्याच दिवशी मी ४८ रुपयांना एक नारळ आणला होता. वर्षापूर्वी तोच तीस रुपयांना मिळायचा.

वाण्याची बिलं मी फेकत नाही, बरणीत कोंबून ठेवते. दुधाचं कार्ड, गॅसच्या पावत्या आणि विजेची बिलंही होती. म्हटलं, घरची महागाई घरीच काढू.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी ऑक्टोबर २०२४ ची सगळी बिलं बेरजेला घेतली, मग ऑक्टोबर २०२५ ची. आधी सुमारे ७,३०० रुपये, नंतर ८,५००. म्हणजे सोळा टक्के महागाई! सरकार खोटं बोलतंय असं ठरवून मी चहाला उठले आणि समोर सासूबाई दिसल्या. त्या गणपतीला आल्या आणि इथेच राहिल्या. दुधाची एक पिशवी वाढली, सकाळचा गिझर वाढला, नारळ तर वाढलाच. मी मोजला तो खर्च, भाव नव्हे.

महागाई मोजायची तर घेतलेला माल तोच धरायचा आणि फक्त भाव बदलू द्यायचे. जुन्या वर्षी जेवढं घेतलं तेवढंच आज घेतलं असतं तर किती पडलं असतं, एवढाच प्रश्न. एत्येन लास्पेयर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ मध्ये ही रीत मांडली, आणि सरकारी निर्देशांकही मुळात याच रीतीचा आहे. पाव टक्क्याचा तो आकडा निघाला त्या मालिकेची टोपली २०११-१२ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीतून ठरलेली, आणि तिच्यासाठी भाव घेतले जायचे ३१० शहरांतून आणि १,१८१ गावांतून. आमची टोपली बरणीतून ठरणार होती.

वर्षभराच्या बिलांतून प्रत्येक वस्तूचं एकूण वजन काढून बाराने भागलं, की महिन्याचा माल मिळतो. भाव मात्र एकाच महिन्याचे, दोन टोकांचे घ्यायचे: ऑक्टोबर ते ऑक्टोबर. कांद्याचा मे महिना आणि ऑक्टोबर यांची तुलना करणं म्हणजे उन्हाळा-पावसाळा मोजणं, महागाई नव्हे. म्हणून 'वर्षाची बिलं' म्हणताना खरं तर तेरा महिन्यांची लागतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला विजेच्या बिलात. एकूण रक्कम भागिले युनिट, असा सरळ हिशेब केला तर तो फसवतो, कारण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. २०२४-२५ च्या दरांत वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटांना सुमारे ६ रुपये पडायचे आणि त्यापुढच्या टप्प्यात सुमारे साडेअकरा. ११० युनिट जाळले तर सरासरी युनिट साडेसहा रुपयांना पडतं, १६० जाळले तर आठ रुपयांना. दर एका पैशाने बदललेला नसतो, तरी हिशेबात चोवीस टक्के वाढ दिसते. ती सगळी गिझरची. तेव्हा विजेसाठी एकच मार्ग उरतो: आपले सरासरी युनिट (आमचे १३०) घट्ट धरायचे आणि बिलाच्या मागचा दरतक्ता घेऊन तेच युनिट जुन्या दराने एकदा आणि नव्या दराने एकदा मांडायचे. स्थिर आकार धरायचा, शेवटी सोळा टक्के वीज शुल्कही धरायचं. इंधन समायोजन आकार दर महिन्याला हलतो, म्हणून मी तो बाजूला ठेवला. दोन्ही वेळी उत्तर १,२४० च्या आसपास आलं. वीज आमच्यासाठी महागली नव्हती, आम्हीच जास्त जाळत होतो.

गॅसचं सोपं. मुंबईत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ८०२.५० रुपयांना होता, एप्रिल २०२५ मध्ये तो ८५२.५० झाला. महिन्याला एक.

तेलाने मात्र चकवलं. बिलावर दोन्ही वर्षी 'सूर्यफूल पाऊच' एवढंच, आणि भावात फरक थोडाच. मग जुनं रिकामं पाऊच (आमच्याकडे ते रोपांना वापरतात) आणि नवं शेजारी धरलं. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. नव्या पाऊचवर ८५० ग्रॅम लिहिलेलं. पाऊचचा भाव लिटरवर आणला तेव्हा १४५ चे १६५ झालेले दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं, त्याचा हा फोडणीपर्यंतचा प्रवास. तेव्हा बिलावरच्या नगावर भरवसा ठेवू नये. पाकिटावर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो पाहावा. आणि हिशेबाला एमआरपी नव्हे, प्रत्यक्ष दिलेले पैसे घ्यावेत.

आता आमची टोपली. दूध ४५ लिटर, ५६ वरून ५८ रुपये. सूर्यफूल तेल ५ लिटर. नारळ १०, तीसवरून अठ्ठेचाळीस. आम्ही मालवणकडचे, त्याला इलाज नाही. तांदूळ ८ किलो, साठवरून बासष्ट. कणीक ८ किलो, चाळीसवरून बेचाळीस. तूरडाळ ३ किलो, १७० वरून १२५. कांदा ५ किलो, पन्नासवरून बावीस. टोमॅटो ३ किलो, साठवरून छत्तीस. बटाटा ३ किलो, चाळीसवरून तीस. शिवाय गॅस आणि वीज.

जुन्या भावाने हा माल ७,४४७ रुपये ५० पैशांचा, नव्या भावाने ७,५२२ रुपये ५० पैशांचा. फरक ७५ रुपये, म्हणजे एक टक्का. सोळाचा एक झाला! नवऱ्याला हे पटेना. "मग मला महाग का वाटतं?" त्याचं उत्तर बेरजेच्या पोटात आहे. नारळाने १८० रुपये वाढवले, तेलाने शंभर, दुधाने नव्वद, गॅसने पन्नास, तांदूळ-कणकेने बत्तीस. मिळून ४५२ रुपये. उलट बाजूला तूरडाळ, कांदा, टोमॅटो आणि बटाटा या चौघांनी ३७७ रुपये परत केले. हे चौघे बाजूला काढले तर उरलेली टोपली सात टक्क्यांनी महागलेली आहे. वाढलेला भाव माणसाच्या लक्षात राहतो. स्वस्त झालेला कांदा आपण मुकाट्याने पिशवीत भरतो.

शिवाय त्या चौघांची स्वस्ताई मोजली कशावरून, तेही पाहायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात बेचाळीस टक्क्यांनी महागलेल्या होत्या आणि एकूण महागाई ६.२१ टक्के होती. त्या डोंगरावर उभं राहून पुढच्या ऑक्टोबरकडे पाहिलं की सगळं खोल दिसणारच. पाव टक्क्याच्या आकड्यात या आधीच्या उंचीचा वाटा मोठा आहे, आणि आमच्या एका टक्क्यातही.

आमचा एक टक्का आणि सरकारचा पाव टक्का शेजारी ठेवता येत नाहीत, हे मात्र मला उशिरा सुचलं. सरकारी आकड्यात घरभाडं, शाळेची फी, औषधं, रेल्वेचा पास, सोनंसुद्धा आहे. माझ्या बरणीत यातलं काहीच नाही. बरोबरी करायची तर खाण्याची खाण्याशी. गॅस आणि वीज काढून टाकली तर आमचं खाणं ५,४०५ वरून ५,४३० वर गेलं, जेमतेम अर्धा टक्का वर. सरकारी अन्नमहागाई त्याच महिन्यात उणे ५.०२ टक्के होती. साडेपाच टक्क्यांचं अंतर!

काही अंतर खरं आहे. त्या मालिकेच्या सरकारी अन्नाच्या टोपलीत शंभर रुपयांतले साधारण सतरा दूधदुभत्याचे असायचे. आमच्याकडे नुसत्या दुधाचे सत्तेचाळीस. दूध ना एकदम चढतं, ना कधी उतरतं. नारळ तर देशाच्या टोपलीत असून नसल्यासारखा.

पण काही अंतर माझ्या बरणीचं आहे. पालेभाजी, वांगी, भेंडी, कोळणीकडची मासळी यांचं बिल कोण देतं? फोनवरच्या व्यवहारांच्या यादीत '१२० रुपये' एवढंच दिसतं. ते किती मेथीचे आणि किती गवारीचे, देव जाणे. बिल नाही म्हणून ते सगळं मी गाळलं, आणि नेमकं तेच त्या वर्षी स्वस्त झालं होतं. समजा महिन्याला सहाशे रुपयांची भाजी धरली आणि ती पाचव्या हिश्श्याने उतरली, तर खाण्याची जुनी बेरीज ६,००५ होते आणि नवी ५,९१०. अधिक अर्धा टक्क्याचा उणे दीड टक्का होतो. हिशेबाचं चिन्हच उलटतं. मासळीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तळहाताएवढं पापलेट आणि परातभर पापलेट यांना एकच वस्तू म्हणता येत नाही.

तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय. भाजीवाल्याकडून आलं की पिशवी ओट्यावर ठेवण्याआधी वजन आणि भाव लिहायचा. सासूबाई लिहितात, अर्धा शेर वगैरे, मग मी त्याचे ग्रॅम करते. यंदाच्या ऑक्टोबरची तयारी म्हणून एक आकडा आधीच मांडून ठेवलाय: कांदा बावीसवरून पस्तीस झाला तर आमच्या वहीत तो एकोणसाठ टक्क्यांनी महाग दिसेल, आणि तरीही दोन वर्षांपूर्वीच्या पन्नासपेक्षा किलोमागे पंधरा रुपयांनी स्वस्तच असेल.