पाच बिंदूंमधून जाणारी रेघ

बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी रिग्रेशनच्या दोन रेषा काढायला शिकतो. तक्ता मांडायचा, बेरजा करायच्या, सूत्रात आकडे घालायचे आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी तो आयआयटीच्या जॅम परीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर उघडतो, तेव्हा तेच रिग्रेशन त्याला अनोळखी वाटू लागतं. रेघ तीच असते, पण तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न आता नवा असतो.

फरक छोट्या उदाहरणातून कळतो. X चे आकडे 1, 2, 3, 4, 5 आणि Y चे 2, 4, 5, 4, 5 घेऊ. X ची सरासरी 3, Y ची 4. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पाच मिनिटांत सांगेल, की उतार 0.6 आणि रेषा Y = 2.2 + 0.6X. दुसऱ्या रेषेचा, म्हणजे Y वरून X काढणाऱ्या रेषेचा, गुणांक येतो 1. दोन्ही गुणांकांचा गुणाकार 0.6, म्हणजेच सहसंबंध गुणांकाचा वर्ग. इकॉनॉमेट्रिक्स यालाच R² म्हणतं. Y मधल्या चढउतारांपैकी साठ टक्के या रेषेने समजावले, असा त्याचा अर्थ. इथवरचं सगळं त्याला बी.कॉम.मध्येच शिकवलेलं असतं, फक्त नाव वेगळं.

गाडी अडते ती यापुढे. रेषेने सांगितलेला Y आणि खरा Y यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली, तर 2.4 येते. तिला कितीने भागायचं? सवयीने हात 5 कडे जातो. पण छेद आणि उतार या दोन गोष्टी याच पाच आकड्यांमधून आधी काढलेल्या असल्याने मोकळे उरतात तीनच. म्हणून 2.4 भागिले 3, म्हणजे 0.8. X च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज 10 आहे. तिने 0.8 ला भागून वर्गमूळ घेतलं, की उताराची प्रमाण त्रुटी मिळते सुमारे 0.28. उतार 0.6 भागिले 0.28, म्हणजे t जवळपास 2.12. पाच टक्के पातळीला, दोन्ही बाजूंच्या चाचणीत, तीन डिग्रीज ऑफ फ्रीडमला हा आकडा 3.18 च्या वर जायला हवा. तो जात नाही. R² इतका देखणा असूनही उतार शून्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही, कारण बिंदू अवघे पाच आहेत.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंतचे बारा आठवडे या उदाहरणावरूनच आखता येतात. वर्गांची बेरीज किमान करणारी रेघ आंशिक अवकलनातून निघते, म्हणून पहिले तीन आठवडे अवकलन, समाकलन, मॅट्रिक्स आणि लग्रांजच्या पद्धतीला. संध्याकाळी सूक्ष्म अर्थशास्त्र घेतलं, तर सकाळचा लग्रांज ग्राहकाच्या बजेटच्या गणितात लगेच वापरून होतो. चौथा ते सहावा आठवडा संभाव्यतेचा. बेज, बायनॉमिअल, पॉयसाँ, नॉर्मल, अपेक्षित मूल्य आणि सहप्रचरण यांना घाई चालत नाही. सातवा अनुमान आणि चाचण्यांचा, आठवा-नववा रिग्रेशनचा. स्थूल अर्थशास्त्र आणि भारतीय अर्थव्यवस्था या काळात संध्याकाळी व रविवारी.

बरेच जण उलट जातात. रिग्रेशन ओळखीचं, म्हणून सुरुवात तिथूनच. मग प्रमाण त्रुटीचं सूत्र पाठ होतं, पण उतार हा स्वतःच एक यादृच्छिक चल आहे, नमुना बदलला की तो बदलतो, हे ध्यानात येत नाही. याची परीक्षा आठव्या आठवड्यात घरीच घेता येते. वही मिटून कोऱ्या कागदावर उताराचं सूत्र सिद्ध करायचं. अवकलनाशीच अडलं, तर दुसऱ्या आठवड्याची वही पुन्हा काढायची. सूत्र निघालं पण त्याची अपेक्षित किंमत काढता आली नाही, तर पाचव्याची.

शेवटचे तीन आठवडे 2021 पासूनच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे, घड्याळ लावून तीन तास. साठ प्रश्न, शंभर गुण. पहिल्या विभागात चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. उरलेल्या दोन विभागांत कपात नाही, पण अनेक बरोबर पर्यायांच्या प्रश्नात अर्धवट उत्तराला काहीच मिळत नाही. अंकात उत्तर लिहायच्या प्रश्नांना तर पर्यायच नसतात, त्यामुळे 3 ऐवजी 5 ने भागल्याची चूक तिथे कुणी दाखवून देत नाही. अशा चुकांची खतावणी ठेवावी. संकल्पना कळली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड फसली, अशी तीन खाती. दर पेपरनंतर कोणतं खातं फुगलं हे पाहून पुढच्या दोन दिवसांचा अभ्यास ठरवायचा. आकडेमोडीचं खातं फुगलं असेल, तर हातातला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून संगणकाच्या पडद्यावरचा वापरायचा, कारण परीक्षेच्या खोलीत तोच मिळतो.